झोंबलेल्या सल्ल्याचे आभार कसे मानावेत?

मित्राचे आभार मानणे ही गोष्ट मराठीत मुळातच थोडी अवघड आहे. दुकानदाराला, वाहकाला किंवा सभेच्या अध्यक्षांना ‘धन्यवाद’ म्हणताना जीभ अडखळत नाही. मात्र तोच शब्द वीस-पंचवीस वर्षांच्या मित्रापुढे उच्चारला, की दोघांनाही अवघडल्यासारखे होते. ‘आभार मानून मला परका करू नकोस’ हे उत्तर ठरलेलेच असते. त्यात मित्राने केलेली मदत साधी नसून न विचारता दिलेला, खरा आणि म्हणूनच जिव्हारी लागलेला सल्ला असेल, तर अडचण दुप्पट होते. गप्प राहावे तर मित्राला वाटते, हा रुसला. ‘आभारी आहे’ म्हणावे तर त्याला वाटते, हा टोमणा मारतो आहे. सविस्तर बोलावे तर बोलणे आभारांकडून खुलाशाकडे कधी वळले, हे बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात मारीच रावणाला बजावतो, की सतत गोड बोलणारी माणसे सहज मिळतात. अप्रिय पण हिताचे सांगणारा दुर्मीळ आणि ते ऐकून घेणाराही दुर्मीळ. या वचनाचा पहिला भाग सर्वांच्या तोंडी असतो, शेवटचा मात्र सहसा विसरला जातो. सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही दुर्मीळ असतो, हे तेथेच सिद्ध होते. ऐकल्यावर रावण मारीचाचे आभार मानत नाही, त्याला ठार मारण्याची धमकी देतो.

मित्राने नेमके काय दिले?

आभार कशाचे मानायचे, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. सल्ल्याचे आभार मानणे म्हणजे सल्ला मान्य करणे, अशी समजूत असते. सल्ला पुरता पटलेला नसतो, त्यामुळे आभारही अर्धवट बाहेर पडतात आणि उरलेली जागा ‘पण’ने सुरू होणारी वाक्ये भरून काढतात.

वास्तविक मित्राने दोन वेगळ्या गोष्टी दिलेल्या असतात. एक म्हणजे त्याचे मत. ते बरोबर असेल, चूक असेल किंवा अर्धे बरोबर असेल. दुसरी गोष्ट म्हणजे ते मत तोंडावर सांगण्याचे धाडस. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की वाईट बातमी पोहोचवण्याचे काम माणसे शक्य तितके टाळतात, चांगली बातमी मात्र तत्परतेने सांगतात. न बोलण्याचा सोपा मार्ग मित्रापुढेही मोकळा होता. मैत्रीत वितुष्ट येईल, हा धोका पत्करून तो बोलला. आभार मानायचे ते या धाडसाचे. मताचा निवाडा नंतर, सवडीने करता येतो. ही फारकत मनात झाली, की आभाराच्या वाक्यातला ‘पण’ निम्म्याहून अधिक वेळा आपोआप गळून पडतो.

एक प्रसंग

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेता येईल. ठाण्यातील एका गृहस्थांकडे रविवारी शाळासोबती सहकुटुंब जेवायला जमले आहेत. त्यांचा मुलगा बारावीत आहे आणि नुकत्याच झालेल्या पूर्वपरीक्षेत त्याला भौतिकशास्त्रात कमी गुण मिळाले आहेत. गप्पांच्या ओघात गृहस्थ म्हणतात, ‘आमच्या चिरंजीवांचा पेपर वाचला असता, तर न्यूटननेही हात टेकले असते!’ सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांपैकी एका मित्राचा फोन येतो. तो म्हणतो, ‘एक सांगायचंय, राग मानू नकोस. तू चारचौघांत पोराची फार थट्टा करतोस. काल सगळे हसले तेव्हा तो ताट घेऊन आत गेला आणि पुन्हा बाहेर आलाच नाही. वर्षभर हे चाललंय. आणि ते इंजिनीअरिंग उगाच त्याच्या गळ्यात बांधू नकोस.’

या बोलण्यात दोन भाग आहेत. थट्टेचा भाग खरा आहे. इंजिनीअरिंगचा भाग चुकीचा आहे, कारण ती शाखा मुलाने स्वतःच निवडली आहे. कटू सल्ला बहुधा असाच मिश्र असतो. ऐकणाऱ्याचे मनही साहजिकच त्यातील चुकीच्या भागावर आधी झडप घालते, कारण तेथे जिंकता येते.

हार्वर्ड विधी महाविद्यालयात अध्यापन करणारे डग्लस स्टोन आणि शीला हीन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘थँक्स फॉर द फीडबॅक’ या पुस्तकात अशा बोलण्याने माणूस का दुखावतो, याची तीन कारणे मांडली आहेत. सांगितलेली गोष्ट खोटी किंवा अन्यायाची वाटते, हे पहिले. सांगणारा कोण, असा प्रश्न मनात येतो, हे दुसरे. तिसरे सर्वांत खोल आहे: स्वतःविषयीच्या कल्पनेलाच धक्का बसतो. आपल्या गृहस्थांना तिन्ही एकदम जाणवतात. ‘इंजिनीअरिंग मी लादलेलं नाही’ हे पहिले. ‘याची स्वतःची मुलगी याच्याशी बोलते तरी का?’ हे दुसरे. आणि ‘मी वाईट बाप आहे की काय?’ हे तिसरे. आभार मानताना तोंडून जे नकोसे शब्द निसटतात, ते या तीन ठिकाणांहूनच निघतात. त्यामुळे नेमके कुठे लागले आहे, हे स्वतःशी ओळखून ठेवणे उपयोगाचे ठरते.

पहिल्या रात्री काय बोलावे?

फोन चालू असताना पूर्ण आभार मानण्याची घाई करू नये. त्या क्षणी शब्द नीट निवडले, तरी स्वर साथ देत नाही. मात्र काहीच न बोलता फोन ठेवणे त्याहून वाईट. पलीकडचा मित्रही रात्रभर अस्वस्थच असतो. अशा वेळी एक छोटे, निरुपद्रवी वाक्य पुरते: ‘तू म्हणालास ते ऐकलं मी. आत्ता काही सुचत नाहीये; दोन दिवसांनी फोन करतो.’ यात होकार नाही, नकार नाही आणि रुसवाही नाही. पुढे फोन येणार आहे, एवढे मित्राला कळते. अर्थात, दोन दिवस म्हटले की दोन-तीन दिवसांत फोन केलाच पाहिजे. तो राहिला, तर हेच वाक्य टाळाटाळीचे ठरते.

या दोन दिवसांत एक पथ्य पाळावे. मित्राचे बोलणे तिसऱ्या मित्राला सांगून ‘बघ, हा मला काय म्हणाला’ असा कौल मागू नये. तो कौल हमखास आपल्या बाजूने मिळतो आणि नंतर मानलेले आभार पोकळ होतात. ही बातमी फिरून सल्ला देणाऱ्याच्या कानावर गेली, तर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही.

तीन फसलेले मसुदे

गृहस्थ फोनऐवजी संदेश लिहायला बसतात, असे समजू. रागाच्या भरात पहिला मसुदा उतरतो: ‘धन्यवाद. आपण वेळात वेळ काढून माझ्या मुलाची काळजी केलीत, मोठे उपकार झाले.’ यात एकही शब्द अपशब्द नाही, तरी वाक्यावाक्यात टोमणा आहे. मराठीत उपरोध बहुतेक वेळा अतिआदरातून प्रकट होतो. ज्याला जन्मभर ‘अरे-तुरे’ केले, त्याला अचानक ‘आपण’ आणि ‘केलीत’ म्हटले, की अर्थ उलटा होतो. ‘उपकार झाले’, ‘डोळे उघडलेस बाबा’, ‘तूच सांगायचा राहिला होतास’ ही वाक्येही अशीच. उपरोधासाठी त्यांचा इतका वापर झाला आहे, की खऱ्या भावनेने उच्चारली तरी ती तशीच ऐकू येतात. म्हणून ठोकळ नियम असा, की मित्राशी रोज ज्या भाषेत बोलणे होते, त्याच भाषेत आभार मानावेत. रोजचा शब्द ‘थँक्स रे’ असेल तर तोच योग्य. तेथे ‘ऋणी आहे’ शोभत नाही.

राग ओसरल्यावर दुसरा मसुदा तयार होतो: ‘फोन केलास ते बरं झालं. तुला तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण आमच्याकडे थट्टामस्करी पहिल्यापासून चालते. मी त्याला एरवी किती जपतो, हे तुला ठाऊक नाही. आणि इंजिनीअरिंग त्याने स्वतः निवडलंय. असो. तरीही थँक्स.’ लिहिणाऱ्याला हा मजकूर अत्यंत समंजस वाटतो. प्रत्यक्षात तो आभाराच्या पाकिटात घातलेला बचाव आहे. ‘तुला तसं वाटणं’ या शब्दांनी मित्राने डोळ्यांनी पाहिलेली घटना केवळ त्याच्या वाटण्यावर आणून ठेवली. ‘तू म्हणतोस ते असेलही’ यातला ‘असेलही’ हेच काम करतो. ‘असो’ म्हणजे चर्चा बंद. आणि ‘तरीही’ या शब्दाचा अर्थ असा होतो, की तुझे चुकले आहे, मी मोठ्या मनाने आभार मानतो आहे.

बचाव ओळखण्याची एक साधी खूण आहे. लिहिलेल्या मजकुरातील प्रत्येक वाक्य कोणाबद्दल आहे, हे मोजावे. या मसुद्यात मित्राविषयी जेमतेम एक वाक्य आहे. बाकी सारी लिहिणाऱ्याच्या घराची वकिली आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांमधील आभारप्रदर्शनाचा अभ्यास करून २०१६ मध्ये असे मांडले, की आभार मानणारा जेव्हा समोरच्याच्या कृतीचे कौतुक करतो, तेव्हा ते त्याला अधिक भावते. केवळ ‘मला किती फायदा झाला’ एवढे सांगण्याचा तसा परिणाम होत नाही. कटू सल्ल्याच्या बाबतीत तर फायदा अजून दिसलेलाच नसतो. मित्राची कृती मात्र डोळ्यांसमोर असते. तेव्हा बोलायचे ते तिच्याविषयी.

तिसरा मसुदा दुसऱ्या टोकाला जातो: ‘माझंच चुकलं. बाप म्हणून मी नालायक ठरलो. तू बोललास ते योग्यच, मी त्याच लायकीचा आहे.’ यात बचाव दिसत नाही, नम्रता दिसते. परिणाम मात्र बचावाचाच होतो. हे वाचून मित्राला धीर देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ‘अरे, मला तसं नव्हतं म्हणायचं, तू चांगलाच बाप आहेस’, असे तो म्हणतो आणि म्हणता म्हणता मूळ मुद्दा मागे घेतो. मुलगा ताट घेऊन आत गेला, ही गोष्ट बाजूला पडते. सांत्वनाचे ओझे सल्ला देणाऱ्यावरच टाकणारी ही शरणागती टाळावी.

चौथा मसुदा

तीन दिवसांनी गृहस्थ फोन करतात आणि एवढेच बोलतात: ‘परवा तू बोललास ते ऐकताना मला जड गेलं. त्या रात्री तुझा थोडा रागही आला. पण बरं झालं सांगितलंस. तो ताट घेऊन आत गेला, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळे हसत होते, तूही हसून सोडून देऊ शकला असतास. त्याऐवजी मला एकट्याला फोन करून सांगितलंस. थँक्स रे. यापुढे चारचौघांत त्याच्या मार्कांचा विषय मी काढणार नाही.’

या बोलण्याला पुरते एक मिनिटही लागत नाही. तरी त्यात चार गोष्टी आल्या आहेत. लागले, याची कबुली आहे. मित्राने दाखवलेल्या एका नेमक्या गोष्टीचा उल्लेख आहे. त्याने सोपी वाट सोडून अवघड वाट धरली, याची दखल आहे. आणि शेवटी, आवाक्यातले एकच लहान आश्वासन आहे.

लागल्याची कबुली द्यावी की नाही, याविषयी अनेकांना शंका असते. ‘मला मुळीच राग आला नाही हं’ असे म्हणणे त्यांना सभ्यपणाचे वाटते. पण मित्राला खरे काय ते माहीत असते. न विचारता दिलेली ही ग्वाही राग अजून धुमसतो आहे असेच सुचवते. कबुलीचे एखाददुसरे वाक्य आभारांना खरेपणा देते. त्यापुढे गेल्यास मात्र ती तक्रार होते. येथे मराठीची वाक्यरचना मदतीला येते. ‘मला जड गेलं’, ‘मला लागलं’ या वाक्यांत कोणावरही दोष येत नाही. ‘तू मला दुखावलंस’ म्हटले, की मित्र आरोपी होतो. भावना एकच, पण पहिल्या रचनेत ती सांगणाऱ्याचीच राहते.

‘पण’ची जागाही महत्त्वाची. मराठी कानाला ‘पण’च्या पुढचे बोलणे हेच खरे बोलणे वाटते. ‘बरं झालं सांगितलंस, पण फार लागलं’ या वाक्याचा शेवट तक्रारीत होतो. ‘फार लागलं, पण बरं झालं सांगितलंस’ यात तेच शब्द आहेत आणि शेवट आभारात होतो. म्हणून दुखरी गोष्ट आधी सांगावी, आभार नंतर.

इंजिनीअरिंगचा उल्लेख या बोलण्यात नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे. तो मुद्दा चुकीचा आहे आणि खोडून काढण्याचा गृहस्थांना पूर्ण अधिकार आहे; केवळ वेळ ही नव्हे. आभार आणि दुरुस्ती एकाच श्वासात आली, की लक्षात राहते ती दुरुस्ती. मित्राने स्वतःच विचारले, तर ‘त्याबद्दल माझं मत वेगळं आहे, भेटल्यावर निवांत बोलू’ एवढे सरळ उत्तर द्यावे. आठवड्या-दोन आठवड्यांनी भेट झाली, की ‘तो निर्णय त्याचा स्वतःचा आहे’ हे शांतपणे सांगता येते. तोवर त्यातली बचावाची धारही गेलेली असते. मित्राच्या मुलीविषयीचा प्रतिसल्ला मात्र या खात्यात मुळीच जमा करू नये. सल्ल्याची अशी परतफेड हिशेब चुकता केल्यासारखी वाटते.

फोन की संदेश?

शक्य असेल तर असे आभार प्रत्यक्ष भेटीत किंवा फोनवर मानावेत. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या २००५ मधील संशोधनात असे आढळले, की लिहिणाऱ्याला आपला सूर गंभीर की उपरोधिक हे ईमेल वाचणाऱ्याला सहज कळेल असे वाटते. वाचणाऱ्याचा अंदाज मात्र पुष्कळदा चुकतो. आवाजातून हाच सूर बराच अधिक बिनचूक पोहोचतो. झोंबलेल्या सल्ल्यानंतर तर मित्र उपरोधाची शंका मनात ठेवूनच संदेश उघडतो.

लिहिण्यावाचून इलाज नसेल, तर पूर्ण वाक्ये लिहावीत. नुसते ‘ठीक आहे.’ किंवा ‘नोटेड’ थंड वाटते. शब्दांपुढची टिंबे न बोललेल्या गोष्टी सुचवतात. हात जोडल्याचे चिन्ह काही जण नमस्कार म्हणून वाचतात, तर काही जण ‘पुरे कर आता’ म्हणून. शिवाय हा संदेश मित्रमंडळींच्या सामायिक गटात टाकू नये. त्याने एकांतात सांगितले, त्याचे आभारही एकांतातच.

सगळ्याच बोलांचे आभार नकोत

प्रत्येक कठोर वाक्य म्हणजे प्रामाणिक सल्ला नव्हे. मित्राने हेच बोल रविवारच्या पंगतीत सर्वांदेखत सुनावले असते, तर तो मुलाऐवजी बापाची थट्टा करीत होता, असे म्हणावे लागले असते. बदलता येण्याजोग्या एखाद्या वागणुकीविषयी न बोलता ‘तू आहेसच असा’ असा शिक्का कोणी मारीत असेल, किंवा ‘मी स्पष्टवक्ता आहे’ म्हणत वारंवार टोचत असेल, तर आभाराचे ऋण उरत नाही. ‘हे मला एकट्याला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं’, असे तेथे म्हणणे रास्त ठरते. बोलणे खासगीत झाले का, ते नेमक्या कृतीविषयी होते का आणि बोलण्यात सांगणाऱ्यालाही काही गमावण्याची भीती होती का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर शब्द कितीही कडू असोत, ते मित्राचेच होते.

नंतरची एक बातमी

आभाराचा शेवटचा हप्ता काही आठवड्यांनी द्यायचा असतो आणि तो बहुतेक जण विसरतात. सल्ल्याचे पुढे काय झाले, हे मित्राला कळवायचे. तो स्वतःहून विचारणार नाही. आधीच पुष्कळ बोलून बसलो, असे त्याला वाटत असते. ‘परवा पाहुणे आले होते. मार्कांचा विषय निघाला, मी दुसरीकडे वळवला. तो शेवटपर्यंत बाहेर बसला होता’, एवढी बातमी पुरते. त्यात आभाराचा शब्दही नको. सल्ला अमलात आणला आणि उपयोग झाला नाही, तरी तेही सांगावे. ऐकले गेले, हे त्यावरूनही कळते.

यावर मित्राचे उत्तर बहुधा ‘सोड रे, त्यात काय एवढं’ असेच येईल. तेव्हा त्याला पुन्हा आग्रहाने ‘नाही, खरंच’ म्हणत बसू नये. मराठी मैत्रीत आभार स्वीकारण्याची हीच रीत आहे. तेवढ्यावर थांबून चहा मागवावा आणि दुसरा विषय काढावा.